शेवटचे दोन ऑप्शन आणि एक पडणारं पान

बायोलॉजीचा पेपर सोडवताना एक क्षण हमखास येतो. चारपैकी दोन ऑप्शन डोळे झाकून उडवता येतात आणि मग उरतात दोन सख्खी भावंडं. कोलेन्कायमा की स्क्लेरेन्कायमा? फेलेम की फेलोडर्म? वाचलेलं दोन्ही असतं, पाठही असतं, फक्त कोण काय करतं त्याची नेमकी तिथेच गल्लत होते. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला वजा एक. म्हणजे या दोन भावंडांमधला चुकीचा भाऊ निवडलात की फरक पाच गुणांचा. सीईटीत वजा गुण नाहीत, पण तिथे वेळ इतका कमी की एका प्रश्नावर दोन मिनिटं घुटमळणं परवडत नाही.

माझं स्वतःचं बायोलॉजी बारावीबरोबर संपलं आणि मी मास कॉमला आले. पण होस्टेलमध्ये नीट रिपीट करणाऱ्या मुली आजूबाजूला असल्याने हा गोंधळ रोज ऐकू येतो. तो ऐकून एक गोष्ट लक्षात आली. या सारख्या वाटणाऱ्या शब्दांत काही नावं खरं बोलतात आणि काही चक्क थापा मारतात. कोणतं नाव कोणत्या गटातलं, हे एकदा कळलं की शेवटच्या दोन ऑप्शनपाशी तुम्ही इतके अडणार नाही. टिश्यू आणि हॉर्मोन या दोन धड्यांतलीच नावं घेऊन बघू.

आधी खरं बोलणारी. पॅरेन्कायमा, कोलेन्कायमा, स्क्लेरेन्कायमा. शेपूट तिघांचं सारखं, म्हणून ऐकताना गोंधळ होतो. शेपूट सोडा आणि डोकं बघा. ग्रीकमध्ये ‘कोला’ म्हणजे डिंक, गोंद. ‘स्क्लेरोस’ म्हणजे कडक. मराठी माध्यमातून शिकला असाल तर तुम्ही आणखी नशीबवान. कोलेन्कायमाला आपण स्थूलकोन ऊती म्हणतो आणि स्क्लेरेन्कायमाला दृढ ऊती. स्थूल कोन म्हणजे जाड कोपरे. अर्धं उत्तर नावातच! अकरावीला इंग्रजी पुस्तक हातात आलं म्हणून नववीची ही नावं विसरून जाऊ नका, ती फुकटची चिठ्ठी आहे.

कोलेन्कायमाच्या पेशीची भिंत सगळीकडून सारखी जाड नसते. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन यांचा थर मुख्यतः कोपऱ्यांत साचतो. पेक्टिन म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ, तेव्हा ‘डिंक’ हे नाव चुकलेलं नाही. ही पेशी जिवंत असते. भिंत लवचीक असल्यामुळे ती वाढणाऱ्या भागाबरोबर ताणली जाऊ शकते. म्हणूनच ती सापडते कोवळ्या द्विदल खोडात, बाह्यत्वचेच्या लगेच खाली, आणि पानाच्या देठात. कोथिंबिरीची काडी हातात घेऊन वाकवा. वाकते, पण कट्कन मोडत नाही. तिच्या अंगावरच्या उभ्या कडांखाली हीच ऊती असते.

स्क्लेरेन्कायमाचं सगळं उलट. भिंतीत लिग्निन भरलेलं, पेशी वाढ संपल्यावर बहुधा मेलेली. आधार देते, पण ताणली जात नाही. ताग आणि अंबाडीचे दोर ज्या तंतूंपासून वळतात ते तंतू याच जातीचे. पेरू खाताना दातांखाली जी बारीक कचकच लागते तीही हीच, फक्त तिथे ती लांब तंतूंच्या रूपात नसून आखूड, गोलसर पेशींच्या रूपात असते. त्यांना स्क्लेरीड म्हणतात. चिकूत आणि नाशपातीतही त्या सापडतात.

आता प्रश्न कसा येतो ते बघा. ‘कोवळ्या खोडाला आणि देठाला यांत्रिक आधार देणारी ऊती कोणती?’ दोन्ही ऊती आधार देतात, त्यामुळे ‘आधार’ या शब्दाचा निर्णयाला काहीच उपयोग नाही. निर्णय ‘कोवळ्या’ या शब्दावर होतो. वाढणाऱ्या भागात मेलेली, न ताणणारी पेशी चालणार नाही. उत्तर कोलेन्कायमा. दुसरी एक खोच म्हणजे हरितलवकं. कोलेन्कायमात ती असू शकतात, मग ती पेशी अन्नही बनवते. ‘जिवंत आहे, आधार देते, प्रसंगी प्रकाशसंश्लेषणही करते’ असं वर्णन आलं की कित्येक जण क्लोरेन्कायमाकडे धावतात. क्लोरेन्कायमा हा पॅरेन्कायमाचाच हरितलवकं असलेला प्रकार आहे. त्याच्या भिंती पातळ असतात आणि आधार हे त्याचं काम नव्हे. म्हणजे इथे ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द आमिष आहे आणि ‘आधार’ हा शब्द खरा. वरच्या प्रश्नात नेमकं उलटं होतं! म्हणून अमुक शब्द दिसला की अमुक उत्तर, अशी जोडी घोकून भागत नाही. दोन ऑप्शनमध्ये ज्या बाबतीत फरक पडतो, तो शब्द प्रश्नात शोधावा लागतो. पेशी जिवंत की मृत, भिंतीत काय साठलंय आणि ती झाडाच्या कुठल्या भागात आहे, या तिन्हींतलं काही ना काही प्रश्नात बहुतेक वेळा दिलेलं असतं.

आता थापा मारणाऱ्यांकडे येऊ. फेलोजेन, फेलेम, फेलोडर्म. ‘फेलोस’ म्हणजे बूच. खोड जाड होऊ लागलं की बाहेरची त्वचा फाटते, मग नवं आवरण बनवायला एक विभाजी थर तयार होतो. तो फेलोजेन. ‘जेन’ म्हणजे निर्माण करणारा, इथपर्यंत नाव प्रामाणिक आहे. हा थर दोन्ही बाजूंना पेशी टाकतो. बाहेर टाकतो ते फेलेम, म्हणजे खरं बूच. त्या पेशींच्या भिंतीत सुबेरिन भरतं, पाणी आरपार जात नाही आणि पेशी मरतात. बाटलीचं बूच ज्या ओकच्या सालीपासून बनतं त्या झाडाच्या शास्त्रीय नावातच ‘सुबेर’ आहे, क्वेर्कस सुबेर. आणि आत टाकतो ते फेलोडर्म.

थांबा. डर्म म्हणजे त्वचा ना? डर्मॅटॉलॉजिस्ट, एपिडर्मिस, सगळीकडे डर्म म्हणजे कातडी. मग फेलोडर्म बाहेर असायला हवं. नाही! ते आत असतं, जिवंत असतं आणि पॅरेन्कायमासारखं असतं. त्याचं दुसरं नाव द्वितीयक कॉर्टेक्स. इथे नावावर विश्वास ठेवला की पाच गुण गेले. हे तिन्ही थर मिळून पेरिडर्म होतं आणि ते मात्र खरोखरच खोडाचं कातडं आहे. एकाच शब्दाचा एक वापर खरा, दुसरा फसवा. पेपर काढणाऱ्याला आणखी काय हवं?

हॉर्मोन्समध्ये हीच गंमत जास्त रंगते, कारण इथे प्रत्येक जण ‘वाढ’ करतो. ऑक्झिन वाढ करतं, जिबरेलिन वाढ करतं, सायटोकायनिनही वाढ करतं. ऑप्शनमध्ये नुसतं ‘वाढ’ असेल तर कुणीच हरत नाही आणि कुणीच जिंकत नाही. म्हणून विचारायचं ते हे, की पेशी लांब होतेय की पेशींची संख्या वाढतेय?

सायटोकायनिन हे नाव प्रामाणिक आहे. सायटोकायनेसिस म्हणजे पेशीविभाजनात पेशीद्रव्याची वाटणी, त्यावरूनच हे नाव आलं. (सायटोकाइन हा तिसराच शब्द, तो प्रतिकारशक्तीच्या धड्यातला. ऑप्शनमध्ये दिसला तर घाबरू नका.) तर सायटोकायनिनचं मुख्य काम पेशीविभाजन. शिवाय ते पानांचं जीर्ण होणं लांबवतं. या गटातला पहिला पदार्थ, कायनेटिन, 1955 मध्ये मिळाला तो हेरिंग माशाच्या शुक्राणूंचा डीएनए तापवून. वनस्पतीत तो आपोआप तयार होत नाही, हे एनसीईआरटीतलं वाक्य प्रश्नात येऊ शकतं. वनस्पतीतला खरा सायटोकायनिन म्हणजे झिॲटिन, मक्याच्या दाण्यातून वेगळा केलेला. नावसुद्धा मक्याच्या ‘झिया’वरून.

जिबरेलिनच्या नावात मात्र त्याच्या कामाचा पत्ताच नाही, नाव आलंय एका बुरशीवरून. जपानमध्ये भाताची काही रोपं वेड्यासारखी उंच वाढून नंतर कोलमडायची, त्या रोगाला ‘बाकानाए’ म्हणजे मूर्ख रोप म्हणत. 1926 मध्ये कुरोसावाने दाखवलं की हा प्रताप जिबरेला नावाच्या बुरशीतून येणाऱ्या द्रव्याचा आहे. नाव विसरलात तरी चालेल, पण उंच, किडकिडीत, लांब पेरांचं ते रोप डोळ्यासमोर ठेवा. जिबरेलिनचं सगळं त्यात आहे. पेरं लांबवणं, ऊस लांबवणं, आणि ‘बोल्टिंग’. मुळ्याची पानं जमिनीलगत चक्रासारखी पसरलेली असतात आणि एके दिवशी मधून दांडा उंच जातो, फुलं येतात, मग डिंगऱ्या लागतात. फुलण्याआधीचं ते एकदम उंच होणं म्हणजे बोल्टिंग.

नाशिक किंवा सांगलीकडचे असाल तर हे हॉर्मोन तुमच्या घरात बोललं जातं. द्राक्षबागेतलं ‘जीए’ म्हणजे हेच, जिबरेलिक ॲसिड. थॉमसन सीडलेसच्या घडाचा दांडा त्याने लांबतो, मण्यांना जागा मिळते, घड दाटत नाही. नंतर मणी धरल्यावर दिलं की मणी फुगतो. एरवी बिया स्वतःच मण्याला जिबरेलिन पुरवतात. बीच नसेल तर ते बाहेरून द्यावं लागतं. हे एक कारण समजलं की ‘द्राक्षाचा देठ लांबवणारं संप्रेरक कोणतं’ हा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

आणि आता हरभऱ्याची भाजी. शेंडे खुडले की झाड डेरेदार होतं, बगलेतून फांद्या फुटतात, हे शेतातल्या प्रत्येक आजीला माहीत असतं. शेंड्याची कळी ऑक्झिन खाली पाठवते, ते बगलेतल्या कळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला, दाब गेला. यालाच शेंड्याचं वर्चस्व म्हणतात. ते टिकवतं ऑक्झिन आणि मोडायला मदत करतं सायटोकायनिन. ऑप्शनमध्ये दोघंही असतात, म्हणून प्रश्नातलं क्रियापद बघायचं. ‘टिकवतं’ की ‘मोडतं’? कित्येक प्रश्नांत नामं चारही ओळखीची असतात आणि निकाल लागतो तो क्रियापदावर.

आता सगळ्यात मोठी थाप. ॲबसिसिक ॲसिड. ॲब्सिशन म्हणजे पान किंवा फळ गळणं. नाव इतकं उघड आहे की पान कशामुळे गळतं, असं विचारल्यावर हात आपोआप तिकडे जातो.

झालं काय, तर 1960च्या दशकात वेगवेगळे गट वेगवेगळ्या गोष्टी शोधत होते. एक गट कापसाची बोंडं का गळतात ते बघत होता, त्यांना एक द्रव्य सापडलं. दुसरा गट सिकॅमोर झाडाच्या कळ्या हिवाळ्यात झोपी का जातात ते बघत होता, त्यांनी आपल्या द्रव्याला ‘डॉर्मिन’ म्हटलं. रसायन तपासलं तर दोन्ही एकच निघालं! नाव मात्र गळण्यावरून पडलं. डॉर्मिन हे नाव राहिलं असतं तर आज हा परिच्छेद लिहावा लागला नसता, कारण या द्रव्याचं खरं काम झोपवणं आणि थांबवणं आहे. ते बी सुप्तावस्थेत ठेवतं. पाणी कमी पडलं की रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर जायला लावतं, मग पाणीही बाहेर जातं, पेशी सैल पडतात आणि पर्णरंध्रं मिटतात. म्हणून त्याला ताणाचं संप्रेरक म्हणतात. पुस्तकात गळण्याशी त्याचा संबंध दिलेला आहे, तो नाकारू नका. पण बहुतेक वनस्पतींत पान प्रत्यक्ष तोडायचं काम मुख्यतः इथिलीन करतं.

ते कसं, हे एका पानावर बघू. देठ जिथे खोडाला जोडलेला असतो तिथे नाजूक पेशींचा एक पट्टा असतो. पान हिरवं, तरतरीत असताना पात्यातून ऑक्झिन सतत देठाकडे वाहत असतं. तोवर त्या पट्ट्यातल्या पेशी इथिलीनला फारशा दाद देत नाहीत. पान म्हातारं झालं की ऑक्झिन आटतं. आता त्याच पेशी इथिलीनला प्रतिसाद देतात, भिंती विरघळवणारी विकरं तयार करतात, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि वाऱ्याच्या झुळकीने पान खाली.

म्हणजे ऑक्झिन पान धरून ठेवतं. मग एनसीईआरटीत असं का लिहिलंय, की ऑक्झिन सुरुवातीच्या काळात पानं-फळं गळू देत नाही, पण जुन्या, पिकल्या पानांची आणि फळांची गळ वाढवतं? हे वाक्य परस्परविरोधी वाटतं आणि म्हणूनच ते ऑप्शन म्हणून झकास असतं. याचं एक उत्तर इथिलीनकडेच आहे. बाहेरून जास्त ऑक्झिन दिलं की वनस्पती स्वतः इथिलीन जास्त बनवते. कोवळ्या पट्ट्यावर त्या इथिलीनचा फारसा परिणाम होत नाही. म्हाताऱ्या पट्ट्यावर मात्र तेच इथिलीन तोडणीचं काम उरकतं. द्रव्य एकच, पण पानाचं वय बदललं की परिणाम उलटा. विदर्भातल्या संत्र्याच्या बागांत कोवळी फळं गळू नयेत म्हणून 2,4-डी हे कृत्रिम ऑक्झिन अगदी थोड्या प्रमाणात फवारतात. जास्त प्रमाणात दिलं तर तेच रुंद पानांचं तण मारतं. मात्रा आणि वय, दोन्ही महत्त्वाचं.

आता हा प्रश्न सोडवा. मीच बनवलाय, पण धाटणी ओळखीची वाटेल. बरोबर विधान कोणतं? (1) सायटोकायनिन शेंड्याचं वर्चस्व टिकवतं. (2) ॲबसिसिक ॲसिड बियांची सुप्तावस्था मोडतं. (3) ऑक्झिन कोवळ्या फळांची गळ रोखतं आणि जुन्या पानांची गळ वाढवतं. (4) इथिलीन पानांचं जीर्ण होणं लांबवतं.

पहिल्यात विषय बरोबर, क्रियापद उलटं. हरभरा आठवा, सायटोकायनिन ते वर्चस्व मोडायला मदत करतं. दुसऱ्यातही तीच चलाखी. सुप्तावस्था हा शब्द ॲबसिसिकच्या शेजारी पाहून हात शिवशिवतो, पण ‘मोडतं’ हे जिबरेलिनचं काम. चौथ्यात संप्रेरकांची अदलाबदल आहे, जीर्ण होणं लांबवतं ते सायटोकायनिन, इथिलीन ते लवकर आणतं. आंब्याच्या आढीत आंबे पिकतात ते याच वायूमुळे, तो तिथे कोंडला जातो म्हणून. उरलं तिसरं, जे वाचताना सर्वांत चुकीचं वाटतं, कारण एका वाक्यात दोन उलटी कामं आहेत. आपल्याला वाटतं, एवढं विचित्र वाक्य चुकीचंच असणार. पण मघाचं ते पान आठवलं तर त्यात विचित्र काहीच नाही. उत्तर तिसरं.

याच प्रश्नात एक छोटा बदल करून बघा. तिसऱ्या विधानातला ‘कोवळ्या’ आणि ‘जुन्या’ एकमेकांच्या जागी टाका. शब्द सगळे तेच राहतात आणि विधान मात्र पूर्ण चुकीचं होतं. मग पेपरमध्ये ‘यापैकी एकही नाही’ हा ऑप्शन दिसला तर तो कशासाठी ठेवलाय, ते तुमच्या लक्षात येईल.